मऊ चिकणमातीचे दोन आकडे

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठाने न्हावा-शेवा आणि उलव्याच्या दिशेने गेले, की भरावाखाली दडलेली काळसर करडी चिकणमाती जागोजागी भेटते. अभियंते तिला ‘मरीन क्ले’ म्हणतात. तिच्या खाली कुजलेला बेसाल्ट आणि मग पक्का खडक असतो. पण खडकापर्यंत पोचेपर्यंत कित्येक मीटर हाताने दाबता येईल अशी ओली, चिकट माती लागते. बंदराचे कंटेनर यार्ड असो, रस्त्याचा भराव असो की विमानतळ, कामाच्या सुरुवातीलाच एक प्रश्न उभा राहतो: ही माती किती ओझे सोसेल?

याचे उत्तर बहुतेकदा भूस्तर तपासणीच्या अहवालात दोन ठिकाणी मिळते आणि ही दोन उत्तरे जुळत नाहीत. समजा, एका जागी सहा मीटर खोलीवरची माती नळीत भरून प्रयोगशाळेत नेली आणि तिथे तिची ताकद 10 किलोपास्कल भरली, म्हणजे चौरस मीटरला साधारण एक टन. त्याच बोअरच्या शेजारी, त्याच खोलीवर, जमिनीतच व्हेन फिरवून मोजले तर 18 किलोपास्कल आले. हे आकडे मी समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत, पण एवढा फरक असलेले अहवाल प्रत्यक्षात पाहायला मिळतात. अशा वेळी कोणता आकडा धरायचा? अनेक जण लहान आकडा धरून मोकळे होतात, कारण तो सुरक्षित वाटतो. माझ्या मते तसे करण्याआधी व्हेनने दिलेला आणखी एक आकडा पाहायला हवा. बरेच जण तो वाचतच नाहीत.

आधी माती नळीत शिरताना तिचे काय होते ते पाहू. मऊ मातीचा नमुना पातळ भिंतीच्या पोलादी नळीत घेतात. साइटवर तिला शेल्बी ट्यूब म्हणतात. भिंत कितीही पातळ असली तरी नळी खाली ढकलताना तिच्या टोकासमोरची माती आधी दाबली जाते, मग आत शिरताना ताणली जाते, आणि कडेची माती पत्र्याला घासत जाते. नळी वर आली की सहा मीटर मातीचा आणि पाण्याचा जो दाब त्या नमुन्यावर होता तो निघून जातो. पुढे नळी टेम्पोतून खडखडत प्रयोगशाळेत जाते, कधी आठवडाभर पडून राहते, मग जॅकने माती बाहेर ढकलतात, तारेने कापतात आणि साच्यात बसवतात. यातल्या प्रत्येक पायरीवर माती थोडी थोडी मळली जाते. कणाकणांची जी बांधणी शेकडो वर्षे शांत पाण्यात बसत गेली, ती सैल होते.

व्हेनचा सगळा फायदा हा की माती जागची हलवावी लागत नाही. उपकरण दिसायला अगदी साधे आहे: एका दांड्याच्या टोकाला एकमेकींशी काटकोनात बसवलेली पोलादाची चार पातळ पाती. वरून पाहिले तर अधिक चिन्हासारखी. पात्यांची उंची व्यासाच्या दुप्पट ठेवतात. 50 मिलिमीटर व्यासाला 100 मिलिमीटर उंची, 65 ला 130, अशी मापे चालतात. माती जितकी मऊ तितके पाते मोठे. ही पद्धत आजच्या रूपात आली ती स्वीडनमध्ये. कॅडलिंग आणि ओडेनस्टाड यांनी 1950 मध्ये तिच्यावर सविस्तर काम प्रसिद्ध केले. भारतात यासाठी आयएस 4434 हे मानक आहे.

बोअर खणून झाले, की त्याच्या तळाशी लगेच चाचणी घेत नाहीत, कारण तळाची माती खणतानाच बिघडलेली असते. व्हेन बोअरच्या व्यासाच्या निदान पाचपट खाली दाबतात. दीडशे मिलिमीटरच्या बोअरमध्ये हे अंतर पाऊण मीटर होते. दाबताना ठोकायचे नाही आणि फिरवायचेही नाही, सरळ ढकलायचे. मग वरच्या गिअरच्या हँडलने दांडा फिरवायला सुरुवात होते, तीही अत्यंत हळू: मिनिटाला सहा अंश. कातरण्याचा वेग वाढला की मऊ चिकणमातीचा प्रतिकार खोटा वाढतो, म्हणून हा संथपणा पाळावा लागतो. पीळ वाढत जातो, मापक चढत जाते आणि साधारण वीस-पंचवीस अंशांवर, म्हणजे तीन-चार मिनिटांनी, माती तुटते. पात्यांच्या कडांभोवती एक उभा दंडगोल आजूबाजूच्या मातीपासून सुटतो. त्या क्षणी लागलेला सर्वांत जास्त पीळ हाच पहिला आकडा.

पिळावरून ताकद काढणे म्हणजे भूमितीचे साधे गणित आहे. दंडगोलाचा घेर आणि त्याची वरची-खालची दोन तोंडे, या सगळ्या पृष्ठभागावर मातीने सारखाच विरोध केला असे धरतात. उंची व्यासाच्या दुप्पट असेल तर सातापैकी सहा हिस्से विरोध उभ्या पृष्ठभागाचा असतो, एकच हिस्सा दोन्ही तोंडांचा. म्हणजे व्हेन प्रामुख्याने मातीच्या उभ्या छेदातली ताकद मोजते. 65 मिलिमीटरच्या व्हेनच्या बाबतीत हे गणित फारच सोयीचे उतरते: एक न्यूटन-मीटर पिळाला जवळजवळ नेमकी एक किलोपास्कल ताकद. साइटवर उभ्या माणसाला गणकयंत्राची गरज पडत नाही. आपल्या उदाहरणात मापक 19.5 न्यूटन-मीटरपर्यंत चढले. त्यातले 1.5 दांड्यांच्या घर्षणाचे होते. उरले 18, म्हणून ताकद 18 किलोपास्कल.

इथे काम संपवून व्हेन पुढच्या खोलीवर नेण्याचा मोह होतो. तसे करायचे नाही. आता हँडल भराभर फिरवून व्हेनला तिथल्या तिथे दहा पूर्ण फेरे द्यायचे. पात्यांभोवतीच्या दंडगोलाच्या कडेची माती पुरती मळून निघते. मग अजिबात वेळ न घालवता पुन्हा तीच संथ चाचणी घ्यायची: मिनिटाला सहा अंश. वेळ का घालवायचा नाही? कारण मळलेली चिकणमाती नुसती स्वस्थ राहिली तरी हळूहळू पुन्हा घट्ट होऊ लागते आणि आकडा फुगतो. आपल्या उदाहरणात दुसऱ्या वेळी मापक 6 वर थांबले. घर्षणाचे 1.5 वजा केले की उरले 4.5 किलोपास्कल.

अठराला साडेचाराने भागले की उत्तर येते 4. यालाच संवेदनशीलता म्हणतात. मातीतले पाणी तेवढेच, कण तेच, खोली तीच, फक्त बांधणी मोडली. आणि त्यामुळे तिची तीन चतुर्थांश ताकद गेली. विरजून घट्ट बसलेले दही पळीने ढवळले की ओतता येईल इतके पातळ होते, त्यात वरून थेंबभरही पाणी घातलेले नसते; इथे तसेच होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मातीचे चपटे कण एकमेकांना चिकटून पोकळ जाळे करून बसतात आणि त्या पोकळ्यांत भरपूर पाणी अडकते. जाळे शाबूत असेपर्यंत ते वजन पेलते. जाळे मोडले की पाणी तेवढेच राहते, पेलणारे मात्र काही उरत नाही.

दोनपर्यंतची संवेदनशीलता कमी मानतात, दोन ते चार मध्यम, चार ते आठ संवेदनशील आणि सोळाच्या पुढची माती ‘क्विक’, म्हणजे मळताच वाहू लागणारी. आपल्या उदाहरणातली माती मध्यम आणि संवेदनशील यांच्या नेमक्या सीमेवर आहे.

आता प्रयोगशाळेच्या 10 कडे परत जाऊ. आपल्याकडे एक पट्टी तयार झाली आहे: वरचे टोक 18, खालचे टोक साडेचार. माती अजिबात न हलवता आणली असती तर ती वरच्या टोकाजवळ असती, पूर्ण मळून आणली असती तर खालच्या टोकाला. दहाचा आकडा वरून आठ पायऱ्या खाली आहे आणि पट्टीची लांबी साडेतेरा. म्हणजे बांधणीमुळे असलेल्या ताकदीपैकी निम्म्याहून जास्त ताकद नळी, टेम्पो आणि जॅक यांच्यात हरवली. हा ढोबळ हिशेब आहे, कारण प्रयोगशाळेतली दाबचाचणी आणि व्हेन एकाच पद्धतीने माती तोडत नाहीत. तरीही नमुना कसा होता हे त्यातून कळते. त्याची खात्री करून घेण्याची दुसरी वाट प्रयोगशाळेच्या आलेखातच असते. चांगला नमुना थोडासा दबला की तुटतो, आणि आलेखाला टोक येते. बिघडलेला नमुना पोट सुटल्यासारखा फुगत जातो, दहा-पंधरा टक्के दबला तरी तुटत नाही, आणि आलेख गोलसर राहतो. दहाच्या शेजारी असा गोल आलेख असेल तर निदान पक्के.

संवेदनशीलतेचा आकडा उलट दिशेनेही उपयोगी पडतो, आणि मला तो उपयोग जास्त मोलाचा वाटतो. समजा, व्हेनची पहिली चाचणी 18 आली पण मळल्यावर 12 राहिले. संवेदनशीलता फक्त दीड. अशा मातीचा नमुना प्रयोगशाळेत 10 दाखवत असेल तर नळीला दोष देता येणार नाही, कारण ही माती पुरती मळली तरी बाराच्या खाली जात नाही. मग कारण दुसरीकडे शोधावे लागते: नमुन्यात भेग होती का, साठवणीत बाजूच्या गाळातले पाणी शोषून तो मऊ पडला का, की तो नमुना त्या खोलीचा नव्हताच आणि नळीवरची चिठ्ठी बदलली. प्रयोगशाळेचा आकडा मळलेल्या ताकदीच्याही खाली असला तर ‘नमुना बिघडला होता’ हे स्पष्टीकरण पुरेसे नाही.

अर्थात हे सगळे व्हेनचे आकडे खरे असतील तरच. त्यातली सगळ्यात सामान्य चूक घर्षणाची. दांडा सहा मीटर खाली जाताना भोकाच्या कडांना घासतो, आणि तोही पीळ मापकावर चढतो. चांगल्या उपकरणात व्हेनच्या डोक्यावर एक ढिला सांधा असतो. त्यामुळे पहिले काही अंश फक्त दांडे फिरतात, व्हेन जागच्या जागी राहते. त्या वेळचे वाचन म्हणजे निव्वळ घर्षण. ते वजा करायचे राहिले तर पहिल्या आकड्याचे फारसे बिघडत नाही: अठराऐवजी साडेएकोणीस. पण दुसरा आकडा साडेचाराऐवजी सहा होतो, आणि संवेदनशीलता चारावरून सव्वातीनवर येते. भागाकारात खालचा आकडा लहान असतो, म्हणून तिथली छोटी चूक मोठी दिसते. अहवालात घर्षणाचा रकाना रिकामा असेल तर संवेदनशीलतेच्या रकान्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरा उपद्रव शिंपल्यांचा. आपल्या खाडीच्या मातीत तुटके शिंपले आणि मधूनमधून कुजलेली मुळे असतात. पाते त्यांना अडले की पीळ एकदम उडी मारतो, मग धक्क्यासरशी पडतो. अशा जागी ताकद वाढलेली दिसते. मळल्यावर शिंपले मोडून सरकतात आणि आकडा खूप घसरतो. परिणामी संवेदनशीलता अवाच्या सवा निघते. एकाच बोअरमध्ये वर-खाली सगळीकडे तीन-चार असताना मध्येच एका खोलीवर नऊ आली, तर तिथला पिळाचा आलेख उघडून पाहावा. गुळगुळीत चढून टोक येत असेल तर मातीचा गुण. करवतीसारखा दातेरी असेल तर शिंपला. वाळूच्या बारीक पट्ट्यांचाही असाच त्रास होतो, कारण त्यांतून पाणी निसटते आणि संथ चाचणीतही माती घट्ट होत जाते.

तिसरी गोष्ट नाइलाजाची आहे. व्हेन आत ढकलताना पाती स्वतःच थोडी माती चिरतात. पाती जाड असतील तर बिघाड जास्त. कमी संवेदनशील मातीत त्याचा फरक जाणवत नाही. पण माती जितकी संवेदनशील तितका पहिला आकडा खराखुरा असायला हवा त्याहून कमी येतो. म्हणजे व्हेनसुद्धा बिघाडातून पूर्ण सुटत नाही, फक्त नळीपेक्षा पुष्कळ कमी बिघाड करते.

आता मूळ प्रश्न: भराव किती उंच घालायचा? इथे अठराचा आकडा तसाच वापरता येत नाही. नॉर्वेचे लाउरित्स ब्येरूम यांनी 1972 मध्ये कोसळलेल्या भरावांचे हिशेब उलटे मांडून दाखवले, की फार चिकट मातीत व्हेन प्रत्यक्षापेक्षा जास्त ताकद दाखवते. चाचणी काही मिनिटांत माती तोडते. भराव आठवडे-महिने ओझे टाकत राहतो. म्हणून मातीच्या प्लॅस्टिसिटीनुसार व्हेनचा आकडा कमी करायचा. प्लॅस्टिसिटी इंडेक्स 20 असेल तर कपात नाही, 60 असेल तर साधारण पाव हिस्सा कपात. आपली माती साठची धरली तर अठराचे राहतात साधारण 13.3 किलोपास्कल. ही कपात फक्त भरावाच्या हिशेबासाठी. संवेदनशीलता काढताना ती लावायची नाही, कारण तिथे दोन सारख्याच चाचण्यांची तुलना असते.

मऊ मातीवर मोजक्या दिवसांत भराव घातला तर ताकदीच्या साधारण पाचपट दाबाला जमीन खचते. दर घनमीटरला 1.8 टन वजनाचा मुरूम धरला तर 13.3 किलोपास्कलची माती 3.8 मीटरला हार मानते. दीडपट सुरक्षा ठेवली तर 2.5 मीटरपर्यंत जाता येते. कपात न करता अठरा वापरले असते तर हिशेबात 3.4 मीटर आले असते, म्हणजे नुसत्या कागदावर सुरक्षित. प्रयोगशाळेच्या दहाने 1.9 मीटर. दहाचा आकडा सुरक्षित बाजूला पडला, हे खरे. पण तो तिथे योगायोगाने पडला. पुढच्या बोअरमध्ये नमुना काळजीने काढला गेला असता तर तोच आकडा पंधरा आला असता आणि माती सुधारली असा समज झाला असता. नमुना किती बिघडला यावर भरावाची उंची ठरणार असेल, तर तो हिशेब मातीचा राहत नाही.

संवेदनशीलता चारची आहे हे समजल्यावर कामाची पद्धतही बदलते. अशा मातीतून पाणी लवकर निघावे म्हणून प्लास्टिकच्या उभ्या पट्ट्या, म्हणजे पीव्हीडी, जवळजवळ टोचतात. त्या घालणारी पोलादी नळी प्रत्येक वेळी आपल्याभोवती मळलेल्या मातीचा थर तयार करते. त्या थरातून पाणी सावकाश जाते, म्हणून पट्ट्या जवळ लावाव्या तेवढा फायदा वाढत नाही, कधी कमीच होतो. डंपरने भराव एका टोकाकडून ढकलत नेला की पुढची माती लाटेसारखी फुगून वर येते. ती माती आता अठराची राहिलेली नसते, साडेचाराच्या जवळ असते. म्हणून सुरुवातीचा थर पातळ ठेवतात, तो सगळीकडे सारखा पसरतात, आणि वजनदार यंत्रे त्यावर उशिरा आणतात. बिघडलेली माती पुढे पाणी निघून गेल्यावर ताकद परत मिळवते, पण त्याला वेळ लागतो.

मुंबईची माती बहुतांश अजूनही खाऱ्या पाण्यातच आहे, म्हणून तिची संवेदनशीलता आटोक्यात राहते. नॉर्वेची कथा वेगळी. तिथली चिकणमाती हिमयुगाच्या शेवटी समुद्रात बसली. बर्फाचे ओझे गेल्यावर जमीन वर उचलली गेली, आणि हजारो वर्षे गोड्या पाण्याने मातीतले मीठ धुऊन नेले. पोकळ जाळे तसेच राहिले, पण कणांना एकमेकांशी बांधून ठेवणारे मीठ गेले. 29 एप्रिल 1978 रोजी रिस्सा येथे कोठाराची वाढ करण्यासाठी खणलेली सुमारे 700 घनमीटर माती तळ्याच्या काठी टाकली गेली. काठ सुटला, आणि मागची जमीन एकामागून एक वाहत गेली: पन्नास ते साठ लाख घनमीटर माती, सुमारे 33 हेक्टर जमीन. एक माणूस मेला. काही भाग तिथे असलेल्या लोकांनी चित्रित केल्यामुळे घट्ट शेत काही क्षणांत पातळ कसे होते ते आजही पाहता येते.

अशा मातीत व्हेनची मर्यादाही उघड होते. नॉर्वेमध्ये पारंपरिक व्याख्येनुसार मळलेली ताकद अर्ध्या किलोपास्कलहून कमी असेल तर तिला क्विक क्ले म्हणत. दांड्याचे घर्षणच दीड न्यूटन-मीटर असेल तर अर्ध्याचा आकडा त्यातून विश्वासाने वेगळा काढता येत नाही. शिवाय दहा फेऱ्यांत ती माती पुरती मळत नाही. म्हणून तिथे मळलेल्या नमुन्यावर धारदार शंकू सोडतात आणि तो किती खोल गेला यावरून ताकद काढतात. मळायचीच असल्याने त्या नमुन्याला वाहतुकीत धक्के बसले तरी बिघडत नाही. न बिघडलेल्या ताकदीसाठी मात्र जमिनीत जावे लागते, आणि तिथे व्हेन अजूनही कामी येते.